बोलावं की थांबावं?

इंग्लंडमधल्या क्वेकरांच्या मूक उपासनेत पाद्री नसतो, ठरलेली प्रार्थना नसते. माणसं समोरासमोर साधारण तासभर गप्प बसतात. कुणाला आतून काही जाणवलं तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो; पुन्हा शांतता. पण आधी स्वतःला विचारायचं : हे माझ्यापुरतं आहे की सर्वांसाठी? अनेकजण सांगतात, छाती धडधडते, शब्द दाबूनही दबत नाहीत, तेव्हाच ते उठतात. कधी कुणीच बोलत नाही, तरी सगळे एकत्र खोल उतरल्यासारखं वाटतं. एकमेकांना उत्तरं देणं सुरू झालं, की उपासनेची चर्चासभा होते. शेवटी दोघं हात मिळवतात, उपासना संपते.

मी शिक्षक, वर्गातली दोन मिनिटांची शांतताही मला सोसत नाही. मला वाटतं, या उपासनेची खरी कसोटी न बोललेल्या शब्दांत आहे.