अंत्यसंस्काराची लिंक : आधी फोन, मग मेसेज

कोल्हापुरात निधनाची बातमी कळली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘रक्षाविसर्जन कधी?’ वर्तमानपत्रातल्या निधन वार्तेचे शेवटचे वाक्यही तेच असते. आता त्यात एक नवा प्रश्न आला आहे, ‘लिंक आहे का?’ २०२० मध्ये कोरोनाच्या काळात अंत्यसंस्काराला वीसच माणसांची परवानगी होती. तेव्हा नाइलाजाने मोबाइल स्मशानात पोहोचला. निर्बंध गेले, पण दुबईतला मुलगा आणि अमेरिकेतली लेक यांच्यासाठी ती सोय राहिली. सोय राहिली, रीत मात्र अजून बसलेली नाही. म्हणूनच अनेक घरांत ऐन दुःखात गोंधळ होतो.

‘उद्या सकाळी’ म्हणजे नक्की कधी?

समजा, मे महिन्यातल्या सोमवारी रात्री ११ वाजता शिवाजी पेठेतल्या एका घरात आजी गेल्या. ग्रुपवर मेसेज पडतो, ‘उद्या सकाळी ९ वाजता घरी अंत्यदर्शन, नंतर पंचगंगा स्मशानभूमी. लिंक सोबत.’ न्यू जर्सीतल्या नातवाला हा मेसेज मिळतो तेव्हा तिथे सोमवारचीच दुपार असते, दीड वाजलेला. त्याच्या दृष्टीने ‘उद्या सकाळी ९’ म्हणजे मंगळवार सकाळ. प्रत्यक्षात कोल्हापुरात मंगळवारचे ९ वाजतात तेव्हा न्यू जर्सीत सोमवार रात्रीचे साडेअकरा असतात. म्हणजे ‘आज रात्री’. तो मंगळवारी सकाळी मोबाइल उघडून बसेल, तेव्हा अंत्यदर्शनाची वेळ होऊन साडेनऊ तास उलटलेले असतील. ही चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही.

त्यामुळे मेसेजमध्ये ‘आज’, ‘उद्या’ हे शब्दच नकोत. वार, तारीख आणि जिथे नातेवाईक आहेत तिथली वेळ लिहावी : ‘मंगळवार सकाळी ९ (कोल्हापूर), मंगळवार सकाळी ७.३० (दुबई), सोमवार रात्री ११.३० (न्यू जर्सी).’ अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे घेतात, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे डिसेंबरात हीच वेळ न्यू जर्सीत रात्री १०.३० होईल.

लिंक म्हणजे बातमी नव्हे

सख्ख्या माणसाला निधनाची बातमी ग्रुपवरच्या लिंकमधून कळू नये. पूर्वी तार यायची, गावात माणूस निरोप घेऊन जायचा. निरोप आणणारा दारात थांबून आधी बसायला सांगायचा, मग बोलायचा. आज ते काम फोनने करावे. मुले, भावंडे, माहेरची माणसे यांना घरातल्या जाणत्या माणसाने स्वतः फोन करावा. सगळ्यांना कळल्यावरच लिंक पाठवावी, तीही ज्याच्या-त्याच्या नंबरवर. जो एरवी एसटी पकडून आला असता, त्यालाच लिंक, एवढा निकष पुरेसा आहे. चारशे जणांच्या ग्रुपवर टाकलेली लिंक कुठवर जाईल हे कुणाच्याच हातात राहत नाही.

याला दुसरे कारण आहे फसवणुकीचे. निधनाच्या सार्वजनिक पोस्टखाली ‘थेट प्रक्षेपण येथे पाहा’ अशी खोटी लिंक टाकून कार्डाचे तपशील किंवा पैसे मागण्याचे प्रकार परदेशात झाले आहेत. मेसेजच्या शेवटी एक ओळ लिहावी : ‘या लिंकसाठी पैसे किंवा ओटीपी लागत नाही.’

मोबाइल कुणाच्या हातात?

यूट्यूबवर थेट दाखवू, असे कुणीतरी हमखास सुचवते. पण नव्या चॅनलला पहिल्यांदा ही सुविधा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात आणि मोबाइलवरून थेट जायला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. अंत्यसंस्कार त्यासाठी थांबत नाही. मोजकी माणसे असतील तर व्हॉट्सअॅपचा ग्रुप व्हिडिओ कॉल चालतो, त्यात ३२ जण येतात. त्याहून जास्त असतील तर गुगल मीट. मात्र मोफत मीट तीन किंवा अधिक माणसे असतील तर ६० मिनिटांत बंद होते आणि मोफत झूम ४० मिनिटांत.

मीटिंग सुरू करणारा माणूस घाटावरचा नसावा. पुण्यातल्या एखाद्या भाच्याने घरी बसून मीटिंग उघडावी, लोकांना आत घ्यावे, सगळ्यांचे माइक बंद करावेत. घाटावरच्या माणसाने फक्त मोबाइल धरावा. तो मोबाइल निधनाच्या मेसेजमध्ये नंबर दिलेल्या माणसाचा नसावा, कारण त्यावर सकाळभर सांत्वनाचे फोन येत राहणार आणि प्रत्येक फोनला चित्र तुटणार. आणि अग्नी देणाऱ्याच्या हातात मोबाइल कधीच नको.

काय दाखवावे, कुठे थांबावे?

इथे मतभेद आहेत, पण एक बाजू घेणे भाग आहे. घरातले अंत्यदर्शन जरूर दाखवावे. दूरच्या माणसाला चेहरा पाहायचा असतो, त्याच्या नावाने कुणीतरी तोंडात पाणी घालावे एवढेच हवे असते. पंचगंगेवर शेणी रचल्या, खांद्यावरचे मडके फिरले, इथपर्यंतही ठीक. अग्नी दिल्यावर मात्र कॅमेरा खाली करावा. तिथे उभा असलेला माणूस चितेकडे पाहतो तेव्हा शेजारच्याचा हात त्याच्या खांद्यावर असतो. परदेशात रात्री एकट्याने मोबाइलवर तेच पाहणाऱ्याच्या खांद्यावर कुणाचा हात नसतो. ज्या घरांत बायका स्मशानात जात नाहीत, तिथे घरी बसलेल्या लेकी-सुनांनाही हेच दृश्य पहिल्यांदा पडद्यावर दिसते. त्यांना पाहायचे असेल तर पाहू द्यावे, पण आधी विचारून आणि सोबत कुणी बसून.

त्यापेक्षा रक्षाविसर्जन दाखवणे जास्त सोयीचे. तयारीला मध्ये एखाद-दुसरा दिवस मिळतो, वेळ नीट कळवता येते. अडचण एकच. नैवेद्य ठेवल्यावर कावळा कधी शिवेल ते सांगता येत नाही. कधी पाच मिनिटे, कधी तासभर. नेमक्या त्याच वेळी मोफत मीटिंगची मुदत संपते आणि दूरची माणसे अर्ध्यावर बाहेर पडतात. म्हणून पहिला विधी झाला की मीटिंग बंद करून नैवेद्याच्या वेळी दुसरी लिंक उघडावी आणि दोन्ही लिंक आधीच एकाच मेसेजमध्ये द्याव्यात.

पाहणाऱ्याने काय पाळावे?

दाराशी चप्पल काढून आत जातो, तसेच इथेही वागावे. पाच मिनिटे आधी यावे, नाव मराठीत किंवा ओळखू येईल असे लिहावे, माइक बंद ठेवावा. कॅमेरा चालू ठेवायचा तर साध्या कपड्यांत, एका जागी बसून. जेवता-जेवता किंवा गाडी चालवताना पाहू नये. चित्र थांबले तर ‘दिसत नाहीये, फोन हलवा’ असे घाटावरच्या माणसाला सांगू नये, मीटिंग सांभाळणाऱ्याला वेगळा मेसेज करावा. स्क्रीनशॉट काढू नये. पार्थिवाचा फोटो स्टेटसला ठेवणे घरच्यांना वर्षानुवर्षे सलते.

आणि निघताना काही लिहू नये. दुखवट्याच्या घरातून उठताना ‘येतो’ म्हणत नाहीत, नुसते उठून निघतात. मीटिंगमधूनही तसेच निघावे, ‘बाय’ न लिहिता. दोन दिवसांनी, घरातली गर्दी ओसरल्यावर फोन करावा. त्या घराला बोलायला माणूस हवा असतो तो तेव्हा, आणि त्या दिवशी लिंक लागत नाही.