बदललं तेवढंच दाखवा!

12 ऑक्टोबर 2024 ला पश्चिम रेल्वेचं सुधारित लोकल टाइमटेबल लागू झालं, 12 फेऱ्या वाढल्या. अशा वेळी हॉस्टेलच्या बोर्डावर अख्खं टाइमटेबल डकवून काय उपयोग? आपल्या विरार लोकलचं काय बदललं, तेवढं सांगा ना!

त्यासाठी नव्या पीडीएफमधला तक्ता एक्सेलमध्ये काढून गेल्या वर्षीच्या फाइलशी ताडायचा. पण नुसता खान्यासमोर खाना ठेवलात तर फसलात. मध्ये एक नवी गाडी घुसली की पुढच्या सगळ्या गाड्या एकेक घर सरकतात आणि सगळंच 'बदललं' दिसतं. म्हणून जोडी गाडी क्रमांकावरून लावा. क्रमांकच बदलला असेल तर तीच गाडी एकदा 'रद्द' आणि एकदा 'नवी' म्हणून येते. तिथे विरारहून सुटायची वेळ बघा.

दुसरी गोम कन्व्हर्टरची. जुन्या फाइलमध्ये 7.05, नव्या फाइलमध्ये 07:05. बदल सॉफ्टवेअरचा, नाव रेल्वेचं! बऱ्याच फास्ट गाड्या कांदिवलीला थांबत नाहीत. तिथून अंधेरीपर्यंतचे रिकामे खाने गळले की अंधेरीची वेळ कांदिवलीच्या नावावर चढते आणि चर्चगेटपुढे काहीच उरत नाही. म्हणून माझं मत असं, की जुनी पीडीएफ जपून ठेवावी आणि तीही आजच्याच सॉफ्टवेअरने पुन्हा काढावी. मग उरलेले बदल दोन्ही पीडीएफ उघडून डोळ्यांनी तपासावेत, आणि तेवढीच यादी बोर्डावर लावावी.