पहिला दिवस मोकळा ठेवा

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की आमच्या शाखेत परकीय चलनाच्या खिडकीशी वर्दळ वाढते. कार्ड तयार होईपर्यंत ग्राहक मोठ्या हौसेने आपला प्रवासाचा कार्यक्रम दाखवितात. लंडनला जाणाऱ्यांच्या कार्यक्रमात बहुधा एक गोष्ट समान असते. विमान सकाळी उतरते आणि त्याच दुपारपासून तिकिटे काढलेली असतात. एवढा खर्च करून एक दिवस वाया का घालवायचा, हा त्यामागचा हिशेब. माझ्या मते हा हिशेबच चुकीचा आहे, आणि हे मी पदरचे पैसे घालवून शिकलो आहे.

२०१९ च्या जून महिन्यात आम्ही चौघे, मी, पत्नी, आई आणि आमची लहान मुलगी, प्रथमच लंडनला गेलो. पहिल्याच संध्याकाळी साडेसातच्या संगीत नाटकाची तिकिटे मी मुंबईहूनच काढली होती. उन्हाळ्यात लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. म्हणजे पडदा उघडला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजले होते! पहिले गाणे संपण्यापूर्वीच आई आणि मुलगी गाढ झोपल्या, आणि मध्यंतरात आम्ही दोघींना घेऊन बाहेर पडलो.

तेव्हा मी सारा दोष ‘जेट लॅग’ला दिला. वास्तविक पहिल्या दिवशी दोन वेगळे शीण एकत्र येतात. एक साध्या जागरणाचा. विमानात बसल्या बसल्या लागणारी डुलकी ही झोप नव्हे. दुसरा शरीरातील घड्याळाचा, जे अजून मुंबईच्याच वेळेवर चालत असते. पहिला शीण एका रात्रीच्या स्वस्थ झोपेने उतरतो. दुसऱ्याला तीन-चार दिवस लागतात, कारण हे घड्याळ रोज साधारण तास-दीड तासच सरकते. म्हणून पहिल्या दिवसाचे काम एकच: रात्रीची झोप पदरात पाडून घेणे.

२०२४ मध्ये पुन्हा जाण्याचा योग आला, तेव्हा कार्यक्रम याच बेताने आखला. विमान रात्री दोनला मुंबईहून सुटून सकाळी साडेसातच्या सुमारास हीथ्रोला उतरले. पारपत्र तपासणीची रांग आणि सामान यांत दीड तास गेला. पॅडिंग्टनजवळच्या हॉटेलात पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते, आणि खोली मिळणार होती दुपारी तीनला. येथेच बहुतेकांचा बेत फसतो. लवकर खोली मिळेल का, हे आधी पत्राने विचारून ठेवावे. पण मिळेल असे गृहीत धरू नये. वृद्ध माणूस बरोबर असेल, तर आदल्या रात्रीचे भाडे भरून खोली सकाळीच ताब्यात घेणे मला उधळपट्टी वाटत नाही. आम्ही आईसाठी तेच केले. आंघोळ करून ती तासभर आडवी झाली, आणि गजर लावून आम्ही तिला उठविले. दुपारी दोननंतरची झोप किंवा चहा-कॉफी मात्र रात्रीच्या झोपेच्या मुळावर येते. आईला चहाचे पथ्य जड गेले, हे कबूल करतो.

संध्याकाळ आम्ही जवळच्या हाइड पार्कमध्ये तळ्याकाठी घालविली. त्याला तिकीट नाही, वेळेचे बंधन नाही. कोणी दमले की परत फिरता येते. त्यात आणखी एक लाभ आहे. पश्चिमेकडे गेल्यावर शरीराचे घड्याळ मागे सरकवायचे असते, आणि संध्याकाळचा उजेड नेमके तेच करतो. जूनमध्ये तेथे सूर्य नऊनंतर मावळतो, त्यामुळे हे औषध फुकट मिळते. आठ वाजता हलके जेवण, नऊला अंथरूण. त्याआधी झोपावे, तर मध्यरात्रीच टक्क जाग येते.

तरीही पहाटे साडेतीनला जाग आलीच. मुंबईत तेव्हा सकाळचे आठ वाजलेले. पाचच्या आतच बाहेर उजाडते, आणि तो उजेड घड्याळाला पुन्हा मुंबईकडे ओढतो. म्हणून रात्रीच जाड पडदे नीट ओढून घ्यावेत, दिवे लावू नयेत आणि सहापर्यंत पडून राहावे. बिस्किटे व केळी उशाशी असलेली बरी.

हिवाळ्यात अंतर साडेपाच तासांचे होते आणि डिसेंबरात तेथे चारच्या आत सूर्यास्त. तेव्हा बागेऐवजी झगझगीत दिव्यांचे एखादे मोठे दुकान बरे. जागे राहायला तेवढाच आधार. जपानकडे जाणाऱ्यांनी मात्र हे सर्व उलट समजावे. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास आहे, त्यामुळे तेथे उजेड सकाळी हवा. तोही उजाडल्याबरोबर नव्हे, तर आठ-साडेआठनंतरचा.

आमच्या नाटकाची तिकिटे या वेळी तिसऱ्या दिवसाची होती, तीही दुपारच्या प्रयोगाची. आई शेवटपर्यंत जागी होती.