पदराची उलटी बाजू

येवल्याचा एक तरुण विणकर आमच्या परिचयाचा आहे. काही काळापूर्वी त्याने आम्हांला एक निरोप दाखविला. पुण्या-मुंबईच्या अकरा बुटिकमालकांना आणि दोन क्यूरेटरांना त्याने तो पाठविला होता. ‘सप्रेम नमस्कार’ने सुरुवात, मग घराण्याच्या परंपरेचा एक परिच्छेद, मग सातवाहनकाळाचा उल्लेख, मग ‘लुप्त होत चाललेल्या या कलेस आपल्यासारख्या रसिकांच्या आश्रयाची गरज आहे’ हे वाक्य, आणि त्याखाली त्रेचाळीस छायाचित्रे. तेरांपैकी एकाचे उत्तर आले होते : ‘प्राइस?’

त्याला वाटत होते की निरोपाची भाषा कमी पडली. आमचे मत नेमके उलटे होते. भाषाच जास्त झाली होती, आणि ज्या एका गोष्टीवर त्याचा सगळा दावा उभा होता ती त्रेचाळीस चित्रांत कोठेच नव्हती. पदराची उलटी बाजू त्याने दाखविलीच नव्हती.

हस्तकलेच्या क्षेत्रात सल्ला देणाऱ्यांचा एक वर्ग आहे. ‘आपली कहाणी सांगा’ हा त्यांचा मंत्र. आमचा या मंत्राला विरोध आहे. कहाणी कोणीही सांगू शकतो. यंत्रमागावरच्या साडीचा व्यापारीही आजोबांच्या मागाची कहाणी तितक्याच गहिवरून सांगतो, आणि त्याच्या दुकानातील प्रकाशयोजना विणकराच्या घरातल्या प्रकाशापेक्षा पुष्कळच चांगली असते. कहाणीच्या मैदानात कारागीर हमखास हरतो. जे दुसऱ्याला दाखविता येत नाही तेवढेच त्याने दाखवावे.

पैठणीच्या बाबतीत ते काय, हे थोडे सविस्तर सांगावे लागेल. खऱ्या पारंपरिक पदरात मोर, कमळ वा आसावलीची वेल ही जमिनीवर वेगळा धागा नाचवून काढलेली नसते. प्रत्येक रंगाचे बाण्याचे सूत वेगळ्या लहान कांडीवर असते. ती कांडी त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच जाते, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकते आणि मागे फिरते. एका ओळीत रंगाचे दहा तुकडे असतील तर त्या ओळीसाठी तितक्याच कांड्या हाताने फिरवाव्या लागतात. परिणामी मागच्या बाजूला मोकळे धागे राहत नाहीत आणि मोर दोन्हीकडून जवळजवळ सारखाच दिसतो. जॅकार्डवर काढलेल्या ब्रोकेड पदराची गोष्ट निराळी. तिथे जो रंग पुढे नको असतो तो मागे लोंबत पुढच्या मोरापर्यंत जातो, आणि उलट बाजूला धाग्यांचे जाळे दिसते किंवा ते कापल्याची केसाळ कड तरी. समोरून, मोबाइलच्या पडद्यावर, दोन्ही पदर सारखेच. मागून पाहिले की जाणकार एका नजरेत ओळखतो.

शिक्क्यांनी हे काम होते का? काही अंशीच. पैठणीला भौगोलिक मानांकन २०१० साली मिळाले, त्यातून ठिकाण कळते. २००४चा सिल्क मार्क रेशमाविषयी बोलतो, २००६चा हँडलूम मार्क हातमागाविषयी. पण हातमागावरही ब्रोकेड होते, आणि ती काही चोरी नव्हे. ती स्वस्त, झटपट आणि उघडपणे ब्रोकेड म्हणून विकली तर पूर्णपणे सन्माननीय वस्तू आहे. प्रश्न एवढाच की महिन्याभराच्या कामाची किंमत मागणाऱ्याने महिना कुठे गेला ते दाखविले पाहिजे, आणि ते कुठल्याच शिक्क्यावर लिहिलेले नसते.

तेव्हा त्रेचाळीस चित्रांची चार झाली. ‘सगळेच चांगले आहेत हो सर, निवडू कसे?’ ही त्याची तक्रार खरी होती, पण निवड चांगल्या-वाईटाची नव्हतीच. पहिले चित्र संपूर्ण पदराचे, काठासकट, सपाट पसरलेले. दुसरे एका मोराचे, जवळून, शेजारी रुपयाचे नाणे. नाण्यावाचून मोर बोटाएवढा आहे की तळहाताएवढा हे कळत नाही आणि कामाचा बारीकपणा तर मुळीच कळत नाही. तिसरे त्याच मोराचे, त्याच नाण्यासह, उलट बाजूने. चौथे मागावरचे, अर्धा विणलेला पदर आणि त्यावर पडलेल्या कांड्या. विणकराचा चेहरा त्यात नव्हता. याविषयी त्याच्या घरी थोडी नाराजी झाली, ती आम्ही पत्करली.

चित्रे दोनदा काढावी लागली. पहिल्या खेपेस दिव्याखाली काढली, तर वांगी रंगाची जमीन तपकिरी आली आणि फ्लॅशमुळे जर पांढरी फटक. अशी चूक ओळखायची सोपी खूण म्हणजे चौकटीच्या कोपऱ्यात पांढरे सुती कापड ठेवणे. ते पिवळे दिसले तर साडीचा रंगही खोटा आलेला आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन थेट पडत नाही अशा खिडकीशी, फ्लॅश बंद करून काढली. हे किरकोळ वाटेल, पण चित्रावरून मागविलेली साडी ‘रंग वेगळा आहे’ म्हणून परत येते तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च आणि मोडलेली घडी विणकराच्या वाट्याला येते.

मग मजकूर. बुटिकसाठीचा मसुदा अखेर असा झाला :

‘नमस्कार. मी येवल्यात हातमागावर पैठणी विणतो. सोबतच्या साडीचा पदर कांड्यांवर विणलेला आहे, ब्रोकेड नाही; तिसरे चित्र उलट बाजूचे आहे. रेशीम शुद्ध, जर टेस्टेड. विणायला ३२ दिवस. आपल्यासाठी किंमत ३४,००० रुपये. ही एक साडी तयार आहे, पुढची दीड महिन्याने. पाहण्यासाठी घेऊन येऊ शकतो.’

‘जर टेस्टेड’ हे शब्द लिहायला तो तयार नव्हता. सोन्या-चांदीची जर नाही हे आपण होऊन का सांगायचे? आम्ही म्हटले, बुटिकमालकीण चिमटीत धरून तीस सेकंदांत ओळखील, आणि मग उलट बाजूवरचाही तिचा विश्वास जाईल.

किमतीवर अधिक वेळ गेला. हिशेब साधा होता. रेशीम आणि जर मिळून ७,५०० रुपये, ३२ दिवसांचे दिवसाला ७०० प्रमाणे २२,४००, म्हणजे घरात बसून २९,९००. त्यावर थोडे ठेवून ३४,०००. आतापर्यंत प्रदर्शनातल्या स्टॉलवर तो अशी साडी ३६,०००ला देत असे. इथेच मोठी गफलत होती. रोख विकत घेणारे बुटिक खरेदीच्या दुपटीच्या आसपास किंमत लावते. भाडे, नोकर, न खपलेला माल हे सारे त्यातून निघते. दुकानात ६५,०००ला असलेली साडी तोच विणकर चार गल्ल्या पलीकडे ३६,०००ला देतो आहे हे गिऱ्हाइकाला कळले की बुटिकमालक पुन्हा त्याचे नाव घेत नाही. रागही समजण्यासारखा आहे. म्हणजे बुटिकला निरोप पाठविण्याचा निर्णय हा स्वतःच्या स्टॉलवरची किंमत वाढविण्याचा निर्णय असतो, आणि त्यात जुनी गिऱ्हाइके काही अंशी गमवावी लागतात. कोणताही सल्लागार हे आधी सांगत नाही.

दुसरा मार्ग ‘ठेवून जा, विकली की पैसे’. समजा दुकानातली किंमत ५५,००० आणि दुकानाचा हिस्सा ४० टक्के, तर विणकराला ३३,००० मिळतात. कागदावर जवळपास तेच. पण सहा महिने साडी काचेत आणि साडेसात हजारांचा माल अडकलेला, पुढच्या ताण्याला पैसे नाहीत. ज्याच्याकडे एकच माग आहे त्याने ही अट पहिल्याच साडीला मान्य करू नये असे आमचे मत आहे, मग दुकान कितीही नामांकित असो.

क्यूरेटरांची गोष्ट वेगळी. तोच निरोप त्यांना पाठविणे ही मूळ निरोपातली दुसरी चूक होती. त्यांना तयार माल नको असतो, आणि पहिल्या ओळीत किंमत दिसली की ते पत्र विक्रेत्याचे ठरते. त्यांना हवे असते ते या कामात विचारण्याजोगे काय आहे. आमच्या विणकराकडे तसे काही होते आणि त्याने ते कोठेच लिहिले नव्हते : आजोबांच्या वेळचा एक फाटका पदर पाहून, नमुन्याचा कागद नसताना, धागे मोजून त्याने त्यातला मोर पुन्हा विणला होता. क्यूरेटरच्या पत्रात मग एवढेच राहिले. दोन पदर शेजारी शेजारी, सुलटे आणि उलटे, अशी दोन चित्रे. मापे, साहित्य, साल. आणि शेवटी एक ओळ, ‘प्रदर्शनात मांडल्यास विणणाऱ्याचे नाव फलकावर असावे.’

ही ओळ उद्धट वाटेल का, असे त्याने विचारले. वाटू शकेल. पण आम्हांला वारली चित्रांचा इतिहास आठवतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुळकर्णींसारखा जाणकार माणूस स्वतः पाड्यांवर गेला, आणि जिव्या सोमा म्हसे हे नाव पुढे जगाला ठाऊक झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा पाहणारा करणाऱ्याच्या दारी गेला होता. आज करणारा चार चित्रे घेऊन पाहणाऱ्याच्या दारी जातो, आणि चित्रे त्याच्या हातून सुटली की ती कोणाचीही होतात. बुटिकच्या पानावर नाव कापून लागतात, एखाद्या छपाईवाल्याकडे जाऊन स्वस्त कापडावर उमटतात. उलट बाजूचे चित्र ही नक्कल थांबवीत नाही. पाण्याच्या खुणेने चित्र विद्रूप होते आणि चोर ती पुसतोही. नावाची अट आधी घातलेली असणे, तीही लेखी, एवढेच हातात असते.

नवा निरोप सहा जणांना गेला. तिघांनी उत्तर दिले. एका बुटिकमालकिणीने विचारले, ‘काठाचीही उलट बाजू दाखवता का?’ आणि ती साडी तिने घेतली, ३४,०००लाच, रोख. क्यूरेटरचे उत्तर यायला चार महिने लागले. दोन्ही पदर मागविले गेले, आणि फलकाचा मसुदा संमतीसाठी आला : ‘पैठणीचा पदर, येवले, पारंपरिक.’ विणकराने तो परत पाठविला. सोबत काही स्पष्टीकरण नव्हते, आपल्याच पत्रातली शेवटची ओळ त्याने फक्त पुन्हा लिहिली होती. दुरुस्त मसुद्यात त्याचे नाव आहे, आणि त्याच्या आग्रहाने पहिल्या पदरापुढे आजोबांचेही.