मांडवाआधीची बैठक

गणेशोत्सव मंडळाच्या इतिवृत्ताची वही उघडली की पानोपानी एकच वाक्य भेटतं : ‘परवानग्या वेळेत काढाव्यात असे सर्वानुमते ठरले.’ काढायच्या कुणी, ते मात्र ठरलेलं नसतं. मग चतुर्थी आठवड्यावर आली की चिटणीस एकटाच वॉर्ड ऑफिस ते पोलीस चौकी अशा चकरा मारत असतो.

यंदा, 2026 मध्ये, चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. समजा, कार्यकारिणीची बैठक 12 जुलैच्या रविवारी आहे. विषयपत्रिका चार दिवस आधी सगळ्यांच्या हातात हवी आणि तिच्यातला क्रम विचार करून लावलेला हवा. मागील इतिवृत्त वाचून कायम करणं झालं की बहुतेक ठिकाणी परवानग्यांचा विषय निघतो आणि देखावा शेवटी, गप्पा रंगवत. माझ्या मते देखावा आधी घ्यावा. परवानगीच्या अर्जाला मांडवाचा नकाशा लागतो आणि मांडव किती लांब-रुंद ते देखावा ठरवतो. अर्ज गेल्यावर कुणाला किल्ल्याचा बुरूज सुचला आणि मांडव चार फूट पुढे सरकला, तर हातातली परवानगी त्या मांडवाची राहत नाही. अग्निशमनाची गाडी जायला ठेवलेली वाट बुजते, ते वेगळंच. म्हणून आधी देखाव्याचं माप, मग परवानग्या, त्यानंतर वर्गणी व अंदाजपत्रक, मग वीज. ‘ऐनवेळचे विषय’ अध्यक्षांच्या परवानगीने, पण खर्चाचा ठराव त्यात घुसवू देऊ नये. तो तिथेच घुसतो.

इतिवृत्तात कोण काय बोललं याची कादंबरी नको. वर तारीख, हजेरी, गणपूर्ती. प्रत्येक विषयाखाली ठराव, सूचक, अनुमोदक. विरोध नोंदवा असं कुणी म्हटलं तर तोही नावानिशी. त्याखाली काम, एकाच माणसाचं नाव, तारीख आणि काम झाल्याचा पुरावा. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट पाहतात. ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. पुढच्या बैठकीत हीच यादी आधी वाचायची, पुरावा नसलेलं काम अपूर्ण धरायचं.

नमुन्याचं शेवटचं पान असं दिसेल. नावं आपापल्या मंडळाची घाला :

संदीप : जागेवर टेप लावून मांडवाची लांबी, रुंदी, उंची आणि मोकळ्या रस्त्याची रुंदी मोजणे, नकाशा अध्यक्षांच्या सहीने पक्का करणे. 19 जुलै. पुरावा : सही केलेला नकाशा.

मेघना : मंडळ नोंदणीकृत नसल्याने वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडे कलम 41क खाली अर्ज. 20 जुलै. पुरावा : पोच. परवानगी हाती येईपर्यंत पावतीपुस्तकं तिच्याच कपाटात.

इक्बाल : त्याच नकाशासह महापालिकेकडे मांडवाचा अर्ज, पोलीस व वाहतूक शाखेकडे पाठपुरावा. 24 जुलै. पुरावा : अर्ज क्रमांक.

अण्णा : तात्पुरत्या वीजजोडणीचा अर्ज. 14 ऑगस्ट. पुरावा : अनामत भरल्याची पावती.

पुढील बैठक : 16 ऑगस्ट, सायंकाळी 7.