लोखंड जळत नाही, पण उभेही राहत नाही

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत इमारतींचा सांगाडा बदलत चालला आहे. शिरवळपासून कुपवाडपर्यंतच्या औद्योगिक वसाहतींतील शेड, बेदाण्याची शीतगृहे, महामार्गालगतची मंगल कार्यालये, शोरूम आणि आता काही रुग्णालयेसुद्धा लोखंडी कॉलम-बीमवर उभी राहतात. काम लवकर होते आणि मोठा हॉल मध्ये खांब न घालता मिळतो. ‘लोखंड आहे, त्याला काय आग लागणार?’ हे वाक्य अशा प्रत्येक साइटवर ऐकू येते. खरी अडचण या वाक्यातूनच सुरू होते.

लोखंड पेट घेत नाही, हे खरे. पण साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. प्रयोगशाळेत आगीची जी प्रमाणित चाचणी घेतात, तिच्या भट्टीचे तापमान अर्ध्या तासात ८४० अंशांच्या आसपास आणि तासाभरात ९४५ अंशांपर्यंत जाते. म्हणजे निम्मी ताकद हरवण्याची वेळ तासाच्या बरीच आधी येते.

किती आधी, हे मोजता येते. मिरजेत तीन मजली रुग्णालय बांधले जात आहे असे समजू. त्याचा एक कॉलम ३०० मिलिमीटरच्या आय-सेक्शनचा, बाजारात ज्याला आयएसएमबी ३०० म्हणतात त्याचा आहे. एका मीटरचे वजन सुमारे ४४ किलो. आगीच्या वेळी त्याच्यावर त्याच्या ताकदीच्या निम्मा भार आहे असे धरले, तर पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकातील, म्हणजे आयएस ८०० : २००७ मधील, सूत्र सांगते की ९०५ मधून ६९० ची निम्मी रक्कम वजा करा. उत्तर येते ५६० अंश. एवढ्या तापमानाला हा कॉलम भार पेलणे सोडेल. उघडा, चारही बाजूंनी आगीत सापडलेला हा कॉलम ५६० अंशांना किती वेळात पोहोचेल, याचेही सूत्र त्याच मानकात आहे. त्याचे उत्तर साधारण १५ मिनिटे येते.

रुग्णालयात पंधरा मिनिटांत काय होते? अतिदक्षता विभागातील एक रुग्ण ऑक्सिजनसह खाली उतरवायला चार माणसे लागतात. आगीत बहुतेक माणसे धुराने दगावतात, इमारत कोसळून नव्हे, हेही खरे आहे. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये नवजात शिशू कक्षातील दहा बालके गेली, तेव्हा इमारत उभीच होती. पण सुटकेसाठी आत शिरणाऱ्यांच्या डोक्यावरचे छत टिकायला हवे. मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवासात मे २०१५ मध्ये आग विझवताना जुनी इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाच्या चार अधिकाऱ्यांचा जीव गेला. तेहरानची लोखंडी सांगाड्याची प्लास्को इमारत जानेवारी २०१७ मध्ये काही तास जळून खाली आली, तेव्हाही ढिगाऱ्याखाली जवानच गाडले गेले. सांगाड्याला दिलेला एक किंवा दोन तासांचा दर्जा हा या माणसांसाठी राखून ठेवलेला वेळ असतो.

हा वेळ विकत घेण्याचे दोन मार्ग आपल्याकडे जास्त चर्चेत असतात. पहिला इंट्युमेसंट पेंट, म्हणजे फुगणारा रंग. तो दिसायला साध्या ऑइलपेंटसारखा असतो. साधारण दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे तो फुगतो, मूळ जाडीच्या कितीतरी पट जाड असा कोळशासारखा फेस तयार होतो आणि तो लोखंडाला उष्णतेपासून झाकतो. दुसरा मार्ग म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, व्हर्मिक्युलाइट किंवा आगरोधक जिप्समच्या बोर्डाची पेटी कॉलमभोवती बसवणे.

या दोन्हींची तुलना बहुतेक वेळा चौरस फुटाच्या दरावर होते आणि टेंडरमध्ये एकच ओळ येते : ‘दोन तासांचा फायर रेटेड पेंट मारणे.’ या ओळीला काही अर्थ नाही. कोणताही रंग स्वतः दोन तासांचा नसतो. एका विशिष्ट जाडीचा रंग, एका विशिष्ट सेक्शनवर, एका विशिष्ट तापमानापर्यंत दोन तास देतो.

यात सेक्शनचा वाटा मोठा आहे. पातळ लोखंड पातळ भांड्यासारखे चटकन तापते, जाड लोखंड सावकाश. म्हणून आगीत उघडा पडणारा घेर भागिले छेदाचे क्षेत्रफळ असा एक आकडा काढतात, त्याला सेक्शन फॅक्टर म्हणतात. मिरजेच्या आपल्या कॉलमला रंग मारायचा, तर रंग आय आकाराच्या प्रत्येक कडेवरून फिरतो. घेर सुमारे ११४५ मिलिमीटर आणि सेक्शन फॅक्टर सुमारे २०३ येतो. त्याच कॉलमभोवती बोर्डाची चौकोनी पेटी केली, तर घेर ८८० मिलिमीटर आणि आकडा सुमारे १५६. म्हणजे बोर्डाच्या पेटीत तोच कॉलम जास्त ‘जाड’ असल्यासारखा वागतो.

आता रंगाच्या कंपनीचा चाचणीवर आधारलेला तक्ता उघडावा. त्यात सेक्शन फॅक्टर, सहन करायचे तापमान आणि मिनिटे यांच्या चौकटीत जाडी दिलेली असते. २०३ च्या कॉलमला एका तासासाठी बहुतेक रंगांना साधारण एक मिलिमीटरच्या आसपास जाडी पुरते. दोन तासांसाठी ती कित्येक मिलिमीटरवर जाते, अनेक हात मारावे लागतात आणि काही रंगांच्या तक्त्यात ती चौकट रिकामीच असते. रिकाम्या चौकटीचा अर्थ ‘हा रंग येथे चालणार नाही’ असा आहे, ‘अजून एक हात मारा’ असा नाही. फार जाड थर तापल्यावर फुगण्याऐवजी घसरून पडू शकतो.

म्हणून या रुग्णालयापुरता निर्णय असा व्हायला हवा. दोन तासांचा दर्जा लागणारे, भिंतीत किंवा कोपऱ्यात झाकले जाणारे कॉलम बोर्डात घालावेत. एक तास पुरणारे, उघडे दिसणारे, बोल्ट आणि जोड असलेले बीम आणि ट्रस रंगवावेत, कारण तेथे बोर्ड नीट बसत नाही. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये बांधकामाच्या प्रकारानुसार तासांचे दर्जे दिलेले आहेत. ते ठरवून प्रत्येक सेक्शनपुढे सेक्शन फॅक्टर, तापमान, मिनिटे आणि जाडी लिहिलेला एक तक्ता टेंडरला जोडला, तर दराची तुलना खरी होईल.

या भागाच्या हवामानाचाही विचार या तक्त्यात हवा. पावसाळ्यात लोखंडावर दव धरलेले असताना मारलेला रंग नीट चिकटत नाही, पाण्यावर आधारित रंग वाळतही नाही. महाबळेश्वर-पाटणकडे जून ते सप्टेंबर हे काम बंद छताखालीच व्हायला हवे. सांगली शहरात ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात पाणी घराघरांत शिरले होते. अशा जागी तळमजल्याच्या कॉलमला जिप्समचा बोर्ड लावणे म्हणजे पुढच्या पुरात तो भिजून गळू देणे. पूररेषेच्या वरपर्यंत कॉलमभोवती काँक्रीटचे आवरण आणि त्याच्या वर बोर्ड, हा तेथे शहाणपणाचा मार्ग आहे.

इतके सगळे कागदावर बरोबर असले, तरी आग कागदाला नव्हे, प्रत्यक्ष जाडीला भिडते. आणि नेमकी हीच गोष्ट आपल्याकडे कोणी मोजत नाही. रंगाचा वरचा थर चढला की एक मिलिमीटर आणि पाव मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही.

मोजणे मात्र अवघड नाही. लोखंडावरील रंगाची जाडी मोजणारे चुंबकीय मीटर हातात मावते. तक्त्यात १००० मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर, सांगितला असेल, तर प्रायमरची जाडी आधी मोजून नोंदवावी आणि फुगणारा रंग वाळल्यावर, वरचा फिनिशिंग रंग मारण्यापूर्वी पुन्हा मोजावे. मीटरने १०७५ दाखवले आणि प्रायमर ७५ असेल, तर खरी जाडी १००० आहे. आय-सेक्शनच्या मधल्या पट्टीवर, फ्लॅंजच्या बाहेर आणि आतल्या कोपऱ्यातही वाचने घ्यावीत. चोरी आणि आळस दोन्ही आतल्या कोपऱ्यात दडतात.

ब्रिटनमधील प्रथा येथे उपयोगी पडते. प्रत्येक कॉलमची सरासरी सांगितलेल्या जाडीपेक्षा कमी नको. एखादे वाचन ८० टक्क्यांखाली, म्हणजे ८०० च्या आत आले, तर त्याच्या दीड ते तीन दशमीटरच्या परिसरात आणखी दोन-तीन वाचने घ्यायची. ती ठीक असतील तर तो एकटा डाग मानायचा, नसतील तर तो भाग पुन्हा रंगवायचा. एकही वाचन निम्म्याखाली चालत नाही.

मीटर नसलेल्या मालकालाही एक हिशेब करता येतो. ४०० चौरस मीटर लोखंडावर एक मिलिमीटर वाळलेला थर हवा, म्हणजे ४०० लिटर वाळलेला रंग. डब्यातल्या रंगाचा ७० टक्के भागच वाळून उरत असेल, तर ५७१ लिटर लागतो. दहा टक्के वाया गेला असे धरले तर सुमारे ६३५ लिटर, म्हणजे वीस लिटरचे ३२ डबे. साइटवर बाराच रिकामे डबे दिसले, तर पुढे मीटर लावायची गरजच नाही.

बोर्डाची तपासणी आणखी सोपी असते आणि हा त्याचा मोठा गुण आहे. कापलेल्या तुकड्याची जाडी कॅलिपरने मोजता येते, तो तोलून घनता काढता येते. पाहायचे असते ते सांध्यांकडे : सांधे एकमेकांसमोर आलेत का, स्क्रू कंपनीने दिलेल्या अंतरावर आहेत का, फटी भरल्यात का. बोर्डाचा दोष मात्र नंतर तयार होतो. इलेक्ट्रिशियन वायरसाठी भोक पाडतो, एसीवाला एक बाजू कापतो आणि फॉल्स सीलिंगच्या वर ते कोणालाच दिसत नाही.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीच्या मालकाला वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र द्यावे लागते. सिलिंडर, पंप, होजरील यांची पाहणी होते, आणि ती हवीच. पण लोखंडी सांगाड्याच्या इमारतीत त्यासोबत दोन कागद असायला हवेत : सेक्शननिहाय जाडीचा तक्ता आणि प्रत्यक्ष मोजलेल्या वाचनांची नोंद. नगरपालिका आणि महापालिकांनी भोगवटा दाखला देताना हे दोन कागद मागितले, तर कंत्राटदाराचे शेवटचे बिल आपोआप त्यांच्यावर अडेल. आणि बिल अडले, की आतल्या कोपऱ्यातही रंग पोहोचतो.