खाते स्वतःचे, कुलूप बँकेचे

खात्यात पैसे आहेत, पासबुकात त्यांची नोंद आहे, आणि तरीही ते काढता येत नाहीत, हा अनुभव गेल्या दोन वर्षांत खेड्यापाड्यांतील असंख्य खातेदारांनी घेतला आहे. खिडकीवर मिळणारे उत्तर एकच असते : ‘केवायसी बाकी आहे.’ या तीन अक्षरांचा अर्थ, त्यांमागचा कायदा आणि त्या कायद्याची मर्यादा खातेदाराला कोणी समजावून सांगत नाही. ही मर्यादा नेमकी कोठे आहे, हे कार्यकर्त्यांनी जाणून घेणे म्हणूनच आवश्यक झाले आहे.

केवायसी म्हणजे ग्राहकाची ओळख पटविणे. अवैध मार्गाने मिळविलेला पैसा बँकांतून फिरवून उजळ केला जाऊ नये, यासाठी २००२ साली कायदा झाला आणि त्याच्या आधारे रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये सविस्तर निर्देश काढले. खाते उघडताना एकदा ओळख पटविली की काम संपत नाही. ती ठरावीक काळाने पुन्हा पटवावी लागते. जोखीम अधिक मानलेल्या खातेदारांसाठी ही मुदत दोन वर्षांची, मध्यम जोखमीसाठी आठ वर्षांची आणि कमी जोखमीसाठी दहा वर्षांची आहे. मजूर, निवृत्तिवेतनधारक, लहान बचतदार हे सामान्यतः तिसऱ्या वर्गात येतात. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. त्या लाटेत उघडलेल्या खात्यांची दहा वर्षे २०२४ पासून भरू लागली, आणि एकाच वेळी एवढी खाती ‘बाकी’ का निघाली याचे उत्तर या साध्या हिशेबात आहे. खातेदारांनी काही गैर केले, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

कुलूप दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात खात्यात पैसे जमा होतात, पण बाहेर जात नाहीत. एटीएम, धनादेश, यूपीआय, दुसऱ्या खात्यात रक्कम पाठविणे, बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणे, हे सारे थांबते. कर्जाचा हप्ता वा विम्याचा वर्गणीचा भाग परस्पर कापून नेण्याची जी व्यवस्था असते, तीही थांबते. आणि ही गोष्ट खातेदाराच्या सर्वांत उशिरा लक्षात येते. दुसऱ्या प्रकारात जमा होणेही बंद पडते. मग मजुरी, निवृत्तिवेतन किंवा अनुदान आले तसे परत जाते. पासबुकावर छापून घेतले की फरक कळतो : जमेच्या नोंदी चालू आणि खर्चाच्या थांबलेल्या असतील तर पहिले कुलूप, दोन्ही थांबल्या असतील तर दुसरे.

जमेचा मार्ग बंद होऊ नये, याची जाणीव रिझर्व्ह बँकेला उशिरा का होईना, पण झाली. केवायसीअभावी गोठविलेल्या खात्यांमुळे सरकारी योजनांच्या लाभार्थींची अडचण होते हे मान्य करून, त्यांच्या खात्यांत अनुदान विनाअडथळा जमा होत राहावे, असे तिने डिसेंबर २०२४ मध्ये बँकांना कळविले. परंतु जमा झालेला पैसा काढताच आला नाही, तर जमा होण्याला अर्थ किती उरतो?

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सोलापूरच्या एका विडी कामगार स्त्रीने सप्टेंबर २०१४ मध्ये जनधन खाते उघडले. तिची दहा वर्षे सप्टेंबर २०२४ मध्ये भरली. एप्रिल २०२५ मध्ये बँकेने खर्चाची बाजू बंद केली. लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये खात्यात येत राहिले, पण ती ते काढू शकली नाही. मेअखेरीस जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये आणि अपघात विम्याचे २० रुपये खात्यातून कापले जायचे होते. शिल्लक असूनही ते कापले गेले नाहीत आणि १ जूनपासून दोन-दोन लाखांची दोन्ही संरक्षणे संपली. पुढे कुलूप निघाले तरी विमा आपोआप परत येत नाही. नव्याने सहभागी व्हावे लागते, आणि जीवनज्योतीत नव्याने येणाऱ्याच्या पहिल्या तीस दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू आल्यास भरपाई मिळत नाही. एका जुन्या कागदापायी कुटुंबाचा आधार तुटतो तो असा.

वस्तुतः १२ जून २०२५ च्या दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेने बँकांना स्पष्ट सांगितले आहे की, कमी जोखमीच्या व्यक्तिगत खातेदाराची मुदत भरली तरी त्याचे सर्व व्यवहार चालू ठेवावेत. मुदत भरल्यापासून एक वर्ष किंवा ३० जून २०२६, यांपैकी जी तारीख नंतरची, तोपर्यंत केवायसी पूर्ण करून घ्यावी. म्हणजे वरील स्त्रीच्या खात्याला त्या दुरुस्तीनंतर ३० जून २०२६ पर्यंत कुलूप राहण्याचे कारण नव्हते. त्याच दुरुस्तीने मुदतीपूर्वी किमान तीन सूचना आणि मुदतीनंतर किमान तीन स्मरणपत्रे देण्याचे बंधन घातले. दोन्ही वेळा त्यांपैकी एक तरी टपालाने गेलेले पत्र असले पाहिजे. १ जानेवारी २०२६ पासून ही पद्धत लागू करायची होती. तेव्हा ‘मोबाइलवर संदेश पाठविला होता’ एवढे म्हणून बँकेला हात झटकता येणार नाहीत.

काम पूर्ण करणेही वाटते तितके अवघड नाही. नाव-पत्त्यात बदल नसेल तर ‘बदल नाही’ असे स्वयंघोषणापत्र पुरते. केवळ पत्ता बदलला असेल तर नव्या पत्त्याची घोषणा द्यावी. तो दोन महिन्यांत पडताळून पाहणे हे बँकेचे काम. ही दोन्ही घोषणापत्रे बँक मित्राकडेही देता येतात व त्याची पोच मिळते. जुने कागद आजच्या नियमांना पुरेसे नसतील तरच नवे मागितले जातात, आणि तेव्हा आधारप्रमाणेच मतदार ओळखपत्र किंवा रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते.

मात्र एक घोटाळा टाळला पाहिजे. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ही योजनेची पात्रता तपासते. तिने बँकेची केवायसी पूर्ण होत नाही. तसेच पॅनअभावी थांबविलेले, दोन वर्षे व्यवहार नसल्याने निष्क्रिय ठरलेले, किंवा पोलिसांच्या सूचनेने रोखलेले खाते यांची कारणे व उपाय वेगळे आहेत. म्हणून पहिली मागणी एकच असावी : खाते कोणत्या कारणाने आणि कोणत्या तारखेपासून थांबविले, हे बँकेने लेखी सांगावे. तक्रारीला तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

खातेदाराची ओळख पटविण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण दहा वर्षे ज्या बँकेने त्याची ठेव वापरली, तिला तो कोण हे अकस्मात ठाऊक नसावे, आणि त्या अज्ञानाचा दंड त्याने मजुरी बुडवून भरावा, हा न्याय उफराटा आहे. पत्र पाठविल्याची नोंद आधी बँकेने दाखवावी. कुलपाचा प्रश्न त्यानंतर यावा.